बॅक्टेरिओस्टॅटिक आणि बॅक्टेरिसायडल प्रतिजैविके: वर्गात आणि प्रात्यक्षिकात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात बी.एस्सी., एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, डी.फार्म. आणि नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवताना जे प्रश्न दर वर्षी समोर येतात, त्यांची ही उत्तरे आहेत. शिक्षक सहकाऱ्यांनी विचारलेले काही प्रश्नही यात घेतले आहेत. औषध कोणते घ्यावे हे सांगण्यासाठी हे पान नाही, ते काम डॉक्टरांचे.

दोन्हींतला फरक थोडक्यात काय?

बॅक्टेरिओस्टॅटिक औषध जिवाणूंची वाढ थांबवते. औषध निघून गेले की उरलेले जिवाणू पुन्हा वाढू शकतात. बॅक्टेरिसायडल औषध जिवाणूंना मारते, त्यामुळे औषध काढून घेतले तरी वाढ परत येत नाही. इथपर्यंत सगळ्यांचे पाठ असते. गडबड पुढे होते, कारण या दोन वाक्यांवरून मुले थेट औषधांच्या दोन याद्यांवर उडी मारतात. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, व्हॅन्कोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन एका बाजूला आणि टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, लिनेझोलिड दुसऱ्या बाजूला. याद्या चुकीच्या नाहीत, पण त्या एका चाचणीचा निकाल आहेत. चाचणी न शिकवता निकाल पाठ करून घेतला, तर पुढचे सगळे प्रश्न अडतात.

ही रेषा नेमकी कुठे आखली आहे?

आधी एमआयसी समजून घ्या. औषधाच्या ज्या सर्वांत कमी प्रमाणात रात्रभरात डोळ्यांना दिसेल अशी वाढ होत नाही, ती एमआयसी. नळी स्वच्छ दिसते, पण आतले जिवाणू मेले आहेत की नुसते थांबले आहेत, हे त्या नळीकडे बघून कळत नाही. ते कळण्यासाठी स्वच्छ नळ्यांतले थोडे द्रावण औषध नसलेल्या आगर प्लेटवर पसरायचे आणि किती वसाहती उगवतात ते मोजायचे. सुरुवातीला टाकलेल्या जिवाणूंपैकी किमान ९९.९ टक्के ज्या सर्वांत कमी प्रमाणात मरतात, ती एमबीसी.

एमबीसी ही एमआयसीच्या चौपटीपर्यंत असेल तर औषध त्या जिवाणूसाठी सायडल धरतात, त्याहून जास्त लागली तर स्टॅटिक. ९९.९ टक्के आणि चारपट हे दोन्ही आकडे माणसांनी सोयीसाठी ठरवलेले आहेत. ९९.९ च्या अलीकडे आणि पलीकडे जिवाणूच्या आत काही वेगळेच घडते, असे मुळीच नाही.

हे प्रात्यक्षिक कॉलेजच्या प्रयोगशाळेत कसे घ्यायचे?

ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा दर्जा-तपासणीसाठी वापरला जाणारा ठरलेला प्रकार घ्या. दवाखान्यातून आलेले नमुने यासाठी वापरू नयेत. औषधे दोनच घ्या: जेंटामायसिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल. ही जोडी मी मुद्दाम सुचवते, कारण दोन्ही औषधे जिवाणूच्या रायबोसोमवरच काम करतात आणि तरीही निकाल वेगवेगळे येतात. एक पेनिसिलिन आणि एक टेट्रासायक्लिन घेतले की मुले "भिंतीवरचे औषध मारते, प्रथिनांवरचे थांबवते" असा सोपा पण खोटा नियम घेऊन घरी जातात.

म्युलर हिंटन ब्रॉथमध्ये औषधाची निम्मी-निम्मी पातळ होत जाणारी मालिका करा, प्रत्येक नळीत १ मिलीलीटर. ताज्या वाढीचे ०.५ मॅकफार्लंड इतके गढूळ द्रावण करा. त्यात मिलीलीटरला साधारण १० कोटी जिवाणू असतात. ते ब्रॉथमध्ये शंभरपट पातळ केले की १० लाख उरतात. त्यातले १ मिलीलीटर प्रत्येक नळीत टाकले की दोन्ही गोष्टी निम्म्या होतात, जिवाणू ५ लाखांवर येतात आणि औषधही अर्ध्यावर येते. म्हणून औषधाची मालिका आधी दुप्पट तीव्रतेची करावी लागते. सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून फळ्यावर हे गणित आधी सोडवून घ्या. एक नळी औषधाविना आणि एक जिवाणूंविना ठेवायची.

आता एक पायरी, जी घाईत हमखास सुटते. औषध नसलेल्या नळीतून लगेच १० मायक्रोलीटर काढून १० मिलीलीटर सलाइनमध्ये मिसळा आणि त्यातले ०.१ मिलीलीटर प्लेटवर पसरा. खरोखर ५ लाख जिवाणू असतील तर दुसऱ्या दिवशी ५० च्या आसपास वसाहती दिसतील. ही प्लेट नसेल तर ९९.९ टक्के कशाचे काढायचे, हेच माहीत नसते.

नळ्या ३५ अंशांवर ठेवा. एमबीसी काढायची असेल तर साधारण २० तासांनी नळ्या नीट हलवून पुन्हा चार तास ठेवा, कारण काचेच्या भिंतीला वर चिकटलेले जिवाणू औषधापासून वाचलेले असतात. ते खाली आणले नाहीत तर मेलेल्यांच्या हिशेबात वाचलेले मिसळतात. चोवीस तासांनी प्रत्येक स्वच्छ नळीतले ०.१ मिलीलीटर साध्या प्लेटवर पसरा. सोबत त्याच नळीचे दसपट पातळ केलेले द्रावणही दुसऱ्या प्लेटवर घ्या. ही दुसरी प्लेट का, ते खाली येते.

आकडे कसे वाचायचे? एक उदाहरण सोडवून दाखवाल का?

हिशेबासाठी नमुन्याचे आकडे घेऊ. सुरुवातीचे जिवाणू मिलीलीटरला ५ लाख. त्यातले ९९.९ टक्के मेले तर ०.१ टक्का, म्हणजे ५०० उरतात. आपण ०.१ मिलीलीटर पसरले, म्हणून सीमारेषा ५० वसाहतींची. ज्या प्लेटवर ५० किंवा त्याहून कमी, ती नळी सायडल.

जेंटामायसिनची एमआयसी ०.५ मायक्रोग्रॅम आली असे धरू. या प्रकारासाठी ०.२५ ते १ हीच अपेक्षित मर्यादा आहे, त्यामुळे प्रयोग नीट झाला आहे. ०.५ च्या नळीतून ७० वसाहती उगवल्या, १ च्या नळीतून ६, तर २ च्या नळीतून एकही नाही. ७० म्हणजे रेषेच्या वर, ६ म्हणजे खाली. एमबीसी १, गुणोत्तर २. निकाल सायडल.

क्लोरॅम्फेनिकॉलची एमआयसी ४ आली. अपेक्षित मर्यादा २ ते ८, ठीक आहे. आता ४, ८ आणि १६ च्या नळ्यांच्या प्लेटवर वसाहती एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, मोजताच येत नाहीत. ३२ च्या नळीची दसपट पातळ प्लेट मोजली तर २०० वसाहती. उलटा हिशेब करा: २०० गुणिले १० गुणिले १०, म्हणजे मिलीलीटरला २०,०००. ६४ च्या नळीत तसाच हिशेब करून ९,०००. मालिका तिथे संपली. एमबीसी ६४ पेक्षा जास्त, गुणोत्तर १६ पेक्षा जास्त. निकाल स्टॅटिक.

इथे थांबून मुलांना एक प्रश्न विचारा: ३२ च्या नळीत किती टक्के मेले? ५ लाखांतले २०,००० उरले, म्हणजे ९६ टक्के गेले. ६४ मध्ये ९८ टक्क्यांहून जास्त. "स्टॅटिक औषध मारत नाही" हे वाक्य वहीत लिहिलेल्या मुलीला हा आकडा स्वतःच्या प्लेटवरून काढू द्या. त्यानंतर तिला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

प्लेट स्वच्छ आली, पण औषध स्टॅटिक असल्याचे पुस्तकात आहे. कोण चूक?

बहुतेक वेळा नळीतून प्लेटवर आलेले औषध. द्रावणासोबत औषधही प्लेटवर येते आणि तिथेही जिवाणूंना दाबून ठेवते. ०.१ मिलीलीटर सबंध प्लेटवर पसरले तर २० मिलीलीटर आगरमध्ये ते दोनशेपट पातळ होते. ६४ चे ०.३२ होते, म्हणजे ४ च्या एमआयसीच्या खूप खाली, आणि जिवाणू उगवू शकतात. पण जागा वाचवायला मुले एकाच प्लेटवर दहा-दहा मायक्रोलीटरचे थेंब ठेवतात. थेंबाखाली औषध एकाच जागी मुरते आणि पसरायला वेळ घेते.

ते ओळखायचे कसे? थेंबाची जागा उजेडात तिरकी धरून बघा. मध्यभाग मोकळा आणि कडेला बारीक वसाहतींचे कडे असेल, तर औषध मधे बसले आहे आणि जिवाणू जिवंत आहेत. दुसरी खूण पातळ प्लेटवर मिळते. मूळ द्रावणाच्या प्लेटवर काही नाही, पण दसपट पातळ केलेल्यावर वसाहती आहेत, असे उलटे चित्र दिसले की तो निकाल मारण्याचा नाहीच. म्हणून ती दुसरी प्लेट.

डिस्कभोवतीचा मोकळा भाग पाहून स्टॅटिक की सायडल कळते का?

नाही. त्या भागात वाढ नाही, एवढेच कळते. मोकळा भाग मोठा म्हणजे औषध जास्त मारते, हा समज तर सरळ चुकीचा आहे, कारण तो आकार औषध आगरमध्ये किती सहज पसरते यावरही ठरतो.

दोन्ही औषधे रायबोसोमवर बसतात, मग जेंटामायसिन मारते आणि क्लोरॅम्फेनिकॉल का थांबवते?

क्लोरॅम्फेनिकॉल रायबोसोमच्या मोठ्या भागावर बसून अमिनो आम्ले जोडण्याची क्रिया अडवते. प्रथिने बनणे थांबते, पण ही पकड सुटू शकते. औषध पातळ झाले की रायबोसोम मोकळा होतो आणि काम पुन्हा सुरू होते.

जेंटामायसिन लहान भागावर बसते आणि रायबोसोमला संदेश चुकीचा वाचायला लावते. प्रथिने बनत राहतात, पण चुकीची. त्यांतली काही पेशीपटलात जाऊन बसतात, पटल गळके होते, आणि त्या वाटेने आणखी औषध आत येते. या फेऱ्यातून पेशी परत येत नाही. म्हणजे "प्रथिने बनवणे अडवणारी सगळी स्टॅटिक" असे शिकवताना अमिनोग्लायकोसाइडचा अपवाद नुसता पाठ करून घेण्यापेक्षा, उत्पादन थांबणे आणि सदोष उत्पादन चालू राहणे यांतला फरक सांगा.

एकच औषध एका जिवाणूसाठी स्टॅटिक आणि दुसऱ्यासाठी सायडल असू शकते का?

हो, आणि हाच मुद्दा याद्यांमुळे झाकला जातो. क्लोरॅम्फेनिकॉल ई. कोलायला थांबवते, पण हिमोफिलस इन्फ्लुएंझा, न्यूमोकॉकस आणि मेनिंगोकॉकस यांना मारते. म्हणूनच मेंदूच्या आवरणाच्या संसर्गात, जिथे मारणारे औषध हवे असे आपण शिकवतो, तिथे हे "स्टॅटिक" औषध वर्षानुवर्षे यशस्वीपणे वापरले गेले. लिनेझोलिड स्टॅफिलोकॉकस आणि एन्टेरोकॉकसला थांबवते, पण न्यूमोकॉकसच्या बहुतेक प्रकारांना मारते. उलट बाजूने, पेनिसिलिन हे सायडलच्या यादीतले पहिले नाव, पण एन्टेरोकॉकसला ते एकट्याने सहसा नुसते थांबवते. तिथे जेंटामायसिनची जोड दिली की मारण्याचा परिणाम येतो.

म्हणून उत्तरपत्रिकेत "क्लोरॅम्फेनिकॉल स्टॅटिक आहे" यापेक्षा "ई. कोलायविरुद्ध स्टॅटिक आहे" असे लिहिणाऱ्याला मी जास्त गुण देते.

स्टॅटिक म्हणजे कमी ताकदीचे, असे मेडिकल दुकानातही ऐकायला मिळते. खरे आहे का?

नाही, आणि या गैरसमजाची मला मनापासून काळजी वाटते, कारण डी.फार्म. झालेली आपलीच मुले उद्या गारगोटीला, चंदगडला दुकानाच्या काउंटरवर उभी असणार आहेत.

टायफॉइड घ्या. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉलने हा आजार बरा होतो हे दिसले आणि तोवर अनेकांचा जीव घेणाऱ्या तापाचे रूपच बदलले. पुढे हे औषध मागे पडले ते स्टॅटिक म्हणून नव्हे. जिवाणू त्याला जुमानेनासे झाले (१९७२ मध्ये केरळात कालिकतला अशा टायफॉइडची मोठी साथ आली) आणि क्वचित अस्थिमज्जेवर गंभीर दुष्परिणाम होतो, ही त्याची कारणे. आज टायफॉइडसाठी डॉक्टर अनेकदा अझिथ्रोमायसिन देतात, तेही यादीत स्टॅटिकच्या बाजूचेच. टायफॉइडचे जिवाणू आपल्याच पांढऱ्या पेशींच्या आत लपतात आणि अझिथ्रोमायसिन त्या पेशींत भरपूर साठते. औषध जागेवर पोचते की नाही, हा प्रश्न इथे यादीपेक्षा मोठा ठरतो. पंचगंगेच्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचा धोका वाढतो, त्यावर प्रतिबंध म्हणून जी डॉक्सीसायक्लिन ओळखली जाते, तीही स्टॅटिकच.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दोन्ही प्रकारच्या औषधांची रुग्णांवर तुलना करणाऱ्या ५६ चाचण्या एकत्र पाहिल्या. ४९ चाचण्यांत परिणामात लक्षणीय फरक आढळला नाही. सहांत स्टॅटिक औषध सरस ठरले आणि फक्त एकीत सायडल, तेही बहुधा स्टॅटिक औषधाचा डोस कमी पडल्यामुळे. शरीरात वाढ थांबलेले जिवाणू आपल्या पांढऱ्या पेशी संपवतात, हे त्यामागचे मुख्य कारण. नळीत त्या पेशी नसतात.

मग हा फरक रुग्णाच्या बाबतीत कुठे महत्त्वाचा धरतात?

जिथे शरीराची मदत मिळत नाही तिथे. हृदयाच्या झडपेवरच्या संसर्गात जिवाणू फायब्रिनच्या जाळ्यात दाट बसलेले असतात आणि पांढऱ्या पेशी तिथवर फारशा पोचत नाहीत. मेंदूभोवतीच्या द्रवात प्रतिपिंडे आणि पूरक प्रथिने फार कमी असतात. कर्करोगाच्या उपचारांनंतर पांढऱ्या पेशीच घटलेल्या असतात. अशा वेळी सायडल औषधाला प्राधान्य देण्याची पद्धत आहे. वर्गात हे तीन आजार म्हणून पाठ करून न घेता "इथे मदत का मिळत नाही?" असे विचारत पुढे गेले, तर मुले चौथे उदाहरण स्वतः शोधतात.

दवाखान्याच्या लॅबच्या रिपोर्टवर एमबीसी का नसते?

कारण ती रोजच्या कामात काढत नाहीत. वेळखाऊ आहे, हाताळणीनुसार आकडा बदलतो आणि बहुतेक रुग्णांत त्यावरून उपचार बदलत नाहीत. रिपोर्टवर संवेदनशील आहे की नाही, फार तर एमआयसी, एवढेच असते.

स्टॅटिक आणि सायडल औषधे एकत्र दिली की एकमेकांना मारक ठरतात, हा नियम शिकवावा का?

नियम म्हणून नको, घटना म्हणून जरूर. पेनिसिलिन भिंत बांधणाऱ्या, म्हणजे वाढणाऱ्याच पेशीला मारते. टेट्रासायक्लिनने वाढ थांबवली तर पेनिसिलिनला पकडायला काही उरत नाही. १९५१ मध्ये लेपर आणि डाउलिंग यांनी न्यूमोकॉकल मेनिन्जायटिसच्या रुग्णांत हे पाहिले: पेनिसिलिनसोबत क्लोरटेट्रासायक्लिन दिलेल्यांत, एकट्या पेनिसिलिनच्या तुलनेत मृत्यू बरेच जास्त होते.

पण लगेच दुसरी बाजू ठेवा. मांस सडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गात पेनिसिलिनला क्लिंडामायसिनची, म्हणजे स्टॅटिक औषधाचीच, जोड मुद्दाम देतात. जिवाणू खूप दाटले की त्यांची वाढ आपोआप मंदावते आणि पेनिसिलिनचा प्रभाव घटतो. हॅरी ईगल यांनी १९५२ मध्ये उंदरांत हे दाखवले. शिवाय क्लिंडामायसिन जिवाणूचे विष बनणेच रोखते. पहिल्या उदाहरणात ज्या तत्त्वामुळे जोडी घातक ठरली, त्याच तत्त्वामुळे दुसऱ्यात ती उपयोगी ठरते: पेनिसिलिनला वाढणारी पेशी हवी. ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून शिकवावीत.

पेपरमध्ये यावर काय विचारावे?

"फरक स्पष्ट करा, पाच गुण" असा प्रश्न आला की दोन रकान्यांचे पाठ केलेले उत्तर येते. त्याऐवजी आकडे द्या. उदाहरणार्थ: सुरुवातीचे जिवाणू मिलीलीटरला ४ लाख, एमआयसी २, प्रत्येक नळीतून ०.१ मिलीलीटर पसरले. २ च्या नळीतून ३१० वसाहती, ४ मधून ९५, ८ मधून ३८, १६ मधून शून्य. एमबीसी किती आणि औषध कोणत्या गटात?

इथे रेषा ५० वर नाही, ४० वर आहे, कारण सुरुवात ४ लाखांनी झाली. ८ च्या नळीत ३८, म्हणजे एमबीसी ८, गुणोत्तर बरोबर ४, निकाल सायडल. मग त्याच प्रश्नाचा पुढचा भाग विचारा: ८ च्या प्लेटवर ३८ ऐवजी ४४ वसाहती आल्या असत्या तर? रेषा ओलांडली, एमबीसी १६ वर गेली, गुणोत्तर ८ झाले आणि तेच औषध स्टॅटिक ठरले. अवघ्या सहा वसाहतींचा फरक, जो एका पिपेटच्या चुकीनेही पडू शकतो. शेवटचे दोन गुण "या निकालावर तुम्ही किती विसंबाल आणि प्रयोग पुन्हा कसा कराल?" यासाठी राखून ठेवा. उत्तरात सुरुवातीची मोजणी, तीन वेळा केलेली पुनरावृत्ती आणि पातळ प्लेट यांपैकी दोन गोष्टी आल्या तरी पूर्ण गुण द्यावेत.